केमोनंतरचं काउंट वाढवायचं इंजेक्शन: कधी आणि कसं घ्यायचं, आणि हाडं का दुखतात

केमो डे-केअरमध्ये नर्स म्हणून काम करताना मला दोन फोन सारखे येतात. पहिला असतो, "सिस्टर, परवा काउंटचं इंजेक्शन घेतलं आणि आज कंबर इतकी दुखतेय की कूस बदलवत नाही. आजार हाडात गेला का हो?" आणि दुसरा, "रिपोर्टमध्ये काउंट चौदा हजार आलाय, म्हणून उरलेली इंजेक्शनं बंद केली." पहिल्या फोनवर बहुतेक वेळा मी धीर देऊ शकते. दुसऱ्या फोनवर मात्र माझ्या पोटात गोळा येतो, कारण त्या माणसाचे सगळ्यात धोक्याचे दिवस अजून यायचे असतात.

दोन्ही फोनांमागे एकच गोष्ट असते: या इंजेक्शनचं वेळापत्रक कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख दिवसांच्या क्रमाने लिहिला आहे. केमो ज्या दिवशी चढते तो पहिला दिवस. इथून पुढे "दुसरा दिवस", "पाचवा दिवस" म्हटलं की तो याच हिशोबाने धरा. डॉक्टर आणि नर्सही असाच हिशोब धरतात.

## टप्पा १: हातात कोणतं इंजेक्शन आहे ते आधी पाहा

या औषधाला जी-सीएसएफ म्हणतात. आपल्या शरीरातही ते थोडं थोडं तयार होत असतं. अस्थिमज्जेला, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजाला, "न्यूट्रोफिल जास्त बनव आणि लवकर बाहेर सोड" असा निरोप ते देतं. न्यूट्रोफिल या जंतूंशी सगळ्यात आधी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान त्या सर्वांत खाली जातात. हा खड्डा कमी खोल आणि कमी दिवसांचा करणं, एवढंच या इंजेक्शनचं काम.

त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

फिलग्रास्टिम रोज घ्यावं लागतं. मात्रा वजनावर ठरते, दर किलोला ५ मायक्रोग्रॅम. म्हणून ६० किलोच्या माणसाला ३०० मायक्रोग्रॅमची एक सिरिंज रोज, अशी चिठ्ठी दिसते. हे औषध मुख्यतः किडनीवाटे निघून जातं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण तीन-चार तासांत निम्म्यावर येतं. रोज टोचावं लागतं ते त्यामुळेच.

पेगफिलग्रास्टिम मोठ्यांना एका केमो-चक्रात एकदाच देतात, ६ मिलिग्रॅम. यात त्याच औषधाला एक लांब साखळी जोडलेली असते, त्यामुळे किडनीला ते सहज गाळता येत नाही. मग ते शरीराबाहेर जातं कसं? न्यूट्रोफिलच ते पकडून संपवतात. पेशी कमी असेपर्यंत औषध टिकतं आणि पेशी वाढल्या की त्याच त्याला संपवून टाकतात.

तपासा: खोक्यावर नाव वाचा. सुरुवातीला "पेग" आहे का? पेग रोज घ्यायचं नसतं, आणि साधं फिलग्रास्टिम एकदाच टोचून भागत नाही. चिठ्ठी आणि खोकं जुळत नसेल तर टोचण्याआधी फोन करा.

## टप्पा २: केमोच्या आधीच करायची तयारी

ही तयारी पहिल्या दिवसाच्या आधी झालेली बरी. केमोनंतर मळमळ आणि थकव्यात कुणाला काही सुचत नाही.

इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं असतं. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या खणाशेजारी किंवा मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, तिथे ते गोठू शकतं. प्रकाश लागू नये म्हणून खोक्यातच राहू द्या. आणताना बर्फाची पिशवी थेट खोक्याला लावू नका, मध्ये कापडाची घडी ठेवा. हे औषध प्रथिन आहे. गोठलं किंवा जोरात हलवलं गेलं तर ते बिघडू शकतं, आणि प्रत्येक वेळी ते बाहेरून दिसेलच असं नाही.

घरात चालू स्थितीतला थर्मामीटर हवा. त्याचं कारण पाचव्या टप्प्यात येईल.

दुखण्यावर कोणती गोळी चालेल, हे केमोच्याच भेटीत डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. हे लोक विचारत नाहीत आणि मग चौथ्या दिवशी रात्री घरात सापडेल ती गोळी घेतात. विचारताना या गोष्टी न विसरता सांगा: किडनीचा काही त्रास, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं, प्लेटलेट कमी झाल्याचा इतिहास, केमोत सिस्प्लॅटिन किंवा मेथोट्रेक्झेट आहे का. सिकलसेलचा आजार असेल तर तो आवर्जून सांगा, कारण या इंजेक्शनने सिकलसेलचं गंभीर संकट ओढवू शकतं. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर तीही सांगा, काही सिरिंजच्या टोपणात ते असतं.

## टप्पा ३: चोवीस तासांचा नियम

केमोचं शेवटचं औषध संपल्यावर किमान २४ तास जाऊ द्यायचे. सर्वांत जास्त चुका इथे होतात आणि त्यामागचा हेतू चांगला असतो: "पेशी पडायच्या आधीच घेऊन टाकू."

केमो वाढत्या, विभागणाऱ्या पेशींवर घाव घालते. जी-सीएसएफ मगजातल्या पेशींना विभागायला लावतं. केमो अंगात असताना हे इंजेक्शन दिलं तर मगजातल्या कोवळ्या पेशी नेमक्या त्याच वेळी विभागायला लागतात आणि केमोच्या तडाख्यात सापडतात. काउंट वाढायचा राहतो आणि आणखी खाली जाऊ शकतो.

हिशोब सलाइन संपल्याच्या वेळेपासून करा. केमो सोमवारी सकाळी १० ला सुरू झाली आणि दुपारी ३ ला संपली, तर इंजेक्शन मंगळवारी दुपारी ३ च्या आधी नाही. मंगळवारी सकाळी १० ला घेतलं तर फक्त १९ तास झालेले असतात. काहींना घरी पंपाने दोन दिवस केमो चालते. त्यांनी पंप काढल्यापासून २४ तास मोजायचे.

उशीर किती चालतो? रोजचं इंजेक्शन बहुतेक ठिकाणी २४ ते ७२ तासांच्या आत सुरू करतात. त्याहून लांबवू नका.

पुढच्या केमोच्या बाजूनेही असंच अंतर लागतं. रोजचं इंजेक्शन केमोच्या किमान २४ तास आधी थांबलेलं हवं. पेगनंतर साधारणपणे १४ दिवस केमो देत नाहीत. तीन आठवड्यांच्या चक्रात हे आपोआप जुळतं. दोन आठवड्यांचं चक्र असेल तर अंतर अगदी काठावर येतं आणि ते डॉक्टरांनी विचारपूर्वक ठरवलेलं असतं. तिथे स्वतःहून एक दिवस पुढे ढकललात तर सगळं गणित बिघडतं.

सावध: एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन सिरिंज एकदम घेऊ नका. फोन करून विचारा.

## टप्पा ४: टोचणं

टोचण्याच्या अर्धा तास आधी सिरिंज फ्रीजबाहेर काढून ठेवा. थंडगार औषध त्वचेखाली जास्त झोंबतं. गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवून घाई करू नका.

सिरिंज उजेडात धरून बघा. औषध स्वच्छ, रंगहीन हवं. गढूळ दिसलं, आत कण तरंगत असले तर ते वापरू नका. छोटा हवेचा बुडबुडा असेल तर घाबरू नका, तो काढायच्या नादात औषध सांडतं.

जागा म्हणजे बेंबीपासून दोन इंच सोडून पोट, किंवा मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग. दुसरं कुणी टोचत असेल तर दंडाची मागची बाजूही चालते. रोजचं इंजेक्शन असेल तर जागा रोज बदला. वण, काळंनिळं, लाल किंवा कडक झालेली जागा टाळा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. ओल्या त्वचेत सुई घातली की आग होते आणि लोक औषधाला दोष देतात.

त्वचेची चिमटी धरा, सुई आत घाला, दट्ट्या सावकाश शेवटपर्यंत दाबा. बाहेर काढल्यावर कापूस नुसता दाबून धरा, चोळू नका.

काहींना पेगचं यंत्र अंगावर चिकटवून देतात. ते केमोच्या दिवशीच लावतात आणि साधारण २७ तासांनी आपोआप औषध सोडायला लागतं, पाऊण तासात संपवतं. चोवीस तासांचा नियम त्यात असा पाळला जातो. ते गळत असेल, सुटलं असेल किंवा लाल दिवा चमकत असेल तर लगेच कळवा, कारण तुमचा डोस गेलेला नसू शकतो.

## टप्पा ५: हाडं दुखायला लागतात तेव्हा

मोठ्या माणसात रक्त तयार करणारा लाल मगज सगळ्या हाडांत नसतो. तो मणक्यांत, कमरेच्या हाडांत, छातीच्या मधल्या हाडात, बरगड्यांत, कवटीत आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकात असतो. आता पेशंट कुठे दुखतं म्हणतात ते आठवा: कंबर, पाठ, नितंब, छातीचा मध्य, मांड्या. हाताची बोटं, मनगट, घोटा याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दुखण्याचा नकाशा आणि मगजाचा नकाशा जवळपास एकच.

असं का होतं याचं एकच उत्तर नाही, तीन-चार गोष्टी एकत्र घडतात. पहिली जागेची. निरोगी माणसाचा मगज रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल बनवतो. जी-सीएसएफ मिळालं की तो याहून कितीतरी वेगाने कामाला लागतो, पेशींची दाटी होते, रक्तपुरवठा वाढतो. पण हाडाची भिंत ताणत नाही. पोट फुगलं तर कातडी ताणली जाते, हाडाला ती सोय नाही. आतला दाब वाढतो, आणि हाडाच्या आत व वरच्या आवरणात मज्जातंतू असतात, ते ओरडतात. म्हणून पेशंट सांगतात की दुखणं ठणकतं, नाडीच्या ठेक्यावर धडधडतं, आणि खोकला-शिंक आली की छातीचं हाड लागतं.

दुसरी गोष्ट सुजेची. वाढत्या पेशी आणि आसपासच्या पेशी हिस्टामिनसारखी रसायनं सोडतात आणि जागा सुजते. तिसरी, वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवरच जी-सीएसएफला पकडणारे रिसेप्टर असतात. म्हणजे औषध त्या तारांना थेट संवेदनशील करतं आणि एरवी जाणवणार नाही तेही दुखू लागतं. शिवाय हाड झिजवणाऱ्या आणि बांधणाऱ्या पेशींच्या कामातही त्याने गडबड होते. सुजेविरुद्धची गोळी काहींना चांगली लागू पडते आणि काहींना अर्धवट, याचं कारण इथे आहे: ती यातल्या एकाच वाटेवर काम करते.

पेग घेतल्यावर दुखणं साधारण एक-दोन दिवसांत सुरू होतं, दोन-चार दिवस राहतं आणि ओसरतं. रोजच्या इंजेक्शनात ते मधूनमधून येतं, आणि काउंट वर उठायला लागतो तेव्हा बऱ्याचदा जोर धरतं. पहिल्या चक्रात सहसा सर्वांत जास्त असतं.

लक्षात ठेवा: दुखलं नाही म्हणजे इंजेक्शन लागू पडलं नाही असं नसतं. खूप दुखलं म्हणजे काउंट खूप वाढला असंही नसतं.

### गोळी घेण्याआधी ताप मोजा

या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवणार असाल तर ती ही. पॅरासिटामॉल असो, नॅप्रोक्सेन असो वा आयबुप्रोफेन, या सगळ्या गोळ्या ताप उतरवतात. न्यूट्रोफिल कमी असताना जंतुसंसर्गाची एकमेव खूण बऱ्याचदा ताप हीच असते. पू होत नाही, सूज येत नाही, कारण ते करणाऱ्या पेशीच नसतात. हाडं दुखतात म्हणून दर सहा तासांनी गोळी चालू ठेवली तर ताप झाकला जातो आणि माणूस थंडी वाजून कोसळतो तेव्हा घरच्यांना कळतं.

म्हणून क्रम असा: आधी थर्मामीटर, मग आकडा आणि वेळ कागदावर, मग गोळी. तोंडात किंवा काखेत मोजा, गुदद्वारात कधीही नको. एकदा १०१ फॅरनहाइट (३८.३ सेल्सिअस) आला, किंवा १००.४ (३८) तासभर टिकला तर गोळी न घेता हॉस्पिटलला फोन करून निघा, मध्यरात्र असली तरी. हे इंजेक्शन स्वतःही कधी कधी किंचित ताप आणतं, पण "इंजेक्शनचाच असेल" असं घरी बसून ठरवता येत नाही.

### कोणती गोळी

पॅरासिटामॉल सर्वांत आधी, डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत. सर्दीच्या गोळ्यांत आणि दुखण्याच्या मिश्र गोळ्यांतही ते असतं, त्यामुळे नकळत दुप्पट जातं. लिव्हर कमजोर असेल तर मात्रा डॉक्टरांकडून कमी करून घ्या.

नॅप्रोक्सेनवर पेग घेणाऱ्या पाचशेहून अधिक रुग्णांचा चांगला अभ्यास झालेला आहे. दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम, पेगच्या दिवसापासून ५ ते ८ दिवस. त्यात हाडदुखी होणाऱ्यांचं प्रमाण ७१ टक्क्यांवरून ६१ वर आलं आणि तीव्र दुखण्याचं २७ वरून १९ वर. फायदा खरा आहे, पण मोजका आहे. ही गोळी पोटाला आणि किडनीला लागते, आणि प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव वाढवते. म्हणून ती स्वतःहून सुरू करायची नाही. ॲस्पिरिनही दुखण्यासाठी घेऊ नका.

लोराटॅडिन ही ॲलर्जीची साधी गोळी. हिस्टामिन अडवते म्हणून अनेक डॉक्टर १० मिलिग्रॅम रोज एक, अशी काही दिवस देतात. अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत, काहींत फायदा दिसला, काहींत नाही. माझ्या डोळ्यांसमोर काही पेशंटना तिने खरंच झोप मिळवून दिली आहे, आणि ती ताप झाकत नाही, म्हणून डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा.

यानेही भागलं नाही तर ट्रॅमाडॉलसारखी तगडी गोळी दोन-तीन दिवस देतात. सोबत बद्धकोष्ठतेचं औषध मागून घ्या. खूपच सोसेनासं झालं तर पुढच्या चक्रात डॉक्टर पेगऐवजी रोजचं इंजेक्शन देण्याचा विचार करू शकतात.

कोमट शेक चालतो. केमोने पायांत बधिरपणा असेल तर शेकाची पिशवी आधी दुसऱ्याच्या हाताला लावून बघा, तुम्हाला चटका कळणार नाही. जोरात मालिश नको, विशेषतः प्लेटलेट कमी असतील किंवा आजार हाडात असल्याचं आधीच माहीत असेल तर.

## एक उदाहरण, दिवसागणिक

बावन्न वर्षांच्या एक बाई, वजन ६० किलो, स्तनाच्या कॅन्सरसाठी दर २१ दिवसांनी केमो. सोमवारी दुपारी ३ ला केमो संपली. मंगळवारी संध्याकाळी ५ ला पेग घेतलं.

बुधवारी दुपारी कमरेत जडपणा आला. त्यांना वाटलं, जास्त झोपल्यामुळे असेल. गुरुवारी रात्री कंबर आणि छातीचं मधलं हाड ठणकायला लागलं, दोन उशा लावूनही झोप येईना. त्यांच्या मुलीने आधी ताप मोजला, ९८.८. लिहून ठेवला, मग लिहून दिलेली पॅरासिटामॉल दिली. तीन तासांनी पुन्हा ठणका. दुसरी गोळी द्यायची वेळ झाली नव्हती म्हणून तिने फोन केला. मी विचारलं ते असं: ताप किती? हाड बोटाने दाबलं तर दुखतं का? दम लागतोय का? डाव्या बाजूला पोटात किंवा खांद्यात काही? पायांत ताकद आहे ना, लघवी होतेय ना? सगळी उत्तरं ठीक आली. डॉक्टरांशी बोलून लोराटॅडिन सुरू झाली. शनिवारी दुखणं निम्म्यावर आलं आणि रविवारी त्या घरात फिरत होत्या.

यात अजून एक धागा होता. मळमळ होऊ नये म्हणून दिलेली डेक्सामेथासोन ही स्टिरॉइड गोळी त्यांची बुधवारी संपली होती. ती सूज दाबून ठेवते. ती बंद होते आणि हाडं दुखायला लागतात, हे दोन्ही एकाच सुमारास येतं, म्हणून काहींना दुखणं एकदम कोसळल्यासारखं वाटतं. पॅक्लिटॅक्सेल मिळालेल्यांना सांधे आणि स्नायूही याच दिवसांत दुखतात. ते तळपायापर्यंत उतरतं, नुसत्या पाठ-कमरेत थांबत नाही.

## टप्पा ६: हे हाडांचं नेहमीचं दुखणं नाही

खालचं काहीही दिसलं तर गोळी घेऊन वाट बघायची नाही, हॉस्पिटल गाठायचं.

- डाव्या बरगडीखाली पोटात किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं. या औषधाने प्लीहा वाढते आणि क्वचित फुटते. खांदा दुखतो म्हणून बाम चोळत बसणं इथे जिवावर बेतू शकतं.
- दम लागणं, श्वास जलद होणं, छातीत दडपण, घाम. दाबल्यावर दुखणारं छातीचं हाड वेगळं आणि हे वेगळं. शंका असेल तर ईसीजी काढून घ्या.
- अंगावर अचानक सूज, लघवी कमी, चक्कर. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपत असल्याची ही खूण असू शकते.
- पाठदुखीबरोबर पाय लुळे पडणं, बधिर होणं, लघवी अडकणं. हे मणक्यावर दाब आल्याचं लक्षण आहे, इंजेक्शनचं नाही.
- अंगभर पित्त उठणं, ओठ-चेहरा सुजणं.
- एकाच जागी, एकाच हाडात, आठवड्यानंतरही न ओसरणारं दुखणं. हे तातडीचं नसलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. इंजेक्शनचं दुखणं येतं आणि जातं, एका जागी ठाण मांडून बसत नाही.

## टप्पा ७: रिपोर्ट वाचणं आणि कधी थांबायचं

एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा पुरेसा नाही. त्यातल्या न्यूट्रोफिल किती ते काढा. एकूण १,८०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील तर १,८०० × ३० ÷ १०० = ५४०. यालाच एएनसी म्हणतात. ५०० च्या खाली गेला की धोका फार वाढतो. रिपोर्टमध्ये "बँड" वेगळे दिले असतील तर त्यांचे टक्केही न्यूट्रोफिलमध्ये मिळवा.

आता सुरुवातीच्या त्या दुसऱ्या फोनकडे येते. रोजचं फिलग्रास्टिम सुरू झालं की पहिल्या एक-दोन दिवसांत काउंट झपकन चढतो. या काही नव्या पेशी नसतात. मगजात आधीपासून तयार होऊन साठवलेल्या पेशी बाहेर ढकललेल्या असतात. साठा रिकामा होतो आणि केमोने मारलेल्या कोवळ्या पेशींची जागा भरलेली नसते, म्हणून काउंट पुन्हा खाली जातो. खरा चढ त्यानंतरचा.

एका पेशंटने तिसऱ्या दिवशी इंजेक्शन सुरू केलं, पाचव्या दिवशी बाहेरच्या लॅबमध्ये काउंट केला, १४,००० आला. घरच्यांनी आनंदाने उरलेल्या सिरिंज परत केल्या. दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. एकूण ९००, न्यूट्रोफिल २२ टक्के, म्हणजे एएनसी १९८. ते बरे झाले, पण त्यासाठी सात दिवस शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागली. पाचव्या दिवसाचा तो रिपोर्ट खोटा नव्हता, तो फक्त चुकीच्या दिवशी काढलेला होता.

म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या दिवशीच रक्त तपासा आणि खड्डा पार करून काउंट वर आल्याचं त्यांनी सांगितल्यावरच थांबा. थांबल्यावर एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल जवळपास निम्म्याने उतरतात. ते अपेक्षित असतं, त्यासाठी घाबरून नवी सिरिंज टोचू नका. पेग घेणाऱ्यांना थांबण्याचा प्रश्न येत नाही, त्यांनी आठवड्याच्या आत काउंट करून उगाच जीव टांगणीला लावू नये.

रिपोर्टमध्ये आणखी दोन गोष्टी घाबरवतात. काउंट वीस-तीस हजारांवर जाऊन "कोवळ्या पेशी दिसतात" असा शेरा येतो, आणि अल्कलाइन फॉस्फटेज किंवा एलडीएच वाढलेलं दिसतं. या इंजेक्शननंतर हे होऊ शकतं. रिपोर्ट नेटवर शोधण्याआधी डॉक्टरांना इंजेक्शनची तारीख सांगून विचारा.

पेट स्कॅन किंवा हाडांचा स्कॅन ठरला असेल तर तिथल्या लोकांना शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते लिहून द्या. जोरात काम करणारा मगज स्कॅनमध्ये उजळून दिसतो, पाठीचे मणके आणि कमरेची हाडं सरसकट चमकतात, आणि तारीख माहीत नसेल तर वाचणारा बुचकळ्यात पडू शकतो. शक्य असेल तर स्कॅन आणि इंजेक्शन यांच्यात किती दिवस हवेत हे स्कॅनची वेळ घेतानाच विचारून ठेवा.